विहीरभर धूर आणि सातशे वीस परार्ध

चला, एक विहीर भरू या. पाण्याने नाही, धुराने.

भरायला माणूस लागेल, तो सोनकच्छचा घेऊ. देवासहून भोपाळकडे निघालं की तीसेक किलोमीटरवर काली सिंधच्या काठी हे तहसिलीचं गाव लागतं. तिथे हायवेला लागून गॅरेज चालवणारे एक काका मनात उभे करा. हिशेबापुरते, खरे कोणी नव्हेत. वय ४८. अठराव्या वर्षी पहिली बिडी शिलगावली आणि तेव्हापासून रोज एक बंडल, म्हणजे पंचवीस बिड्या. मध्य प्रदेशात तेंदूपत्ता 'मानक बोऱ्या'त मोजतात. एका बोऱ्यात पन्नास-पन्नास पानांच्या हजार गड्ड्या, म्हणजे पन्नास हजार पानं. एका पानाची एक बिडी धरली, तर काकांनी तीस वर्षांत साडेपाच बोरे एकट्याने फुंकले.

बिडी सिगारेटसारखी आपली आपण जळत राहत नाही. स्कूटरचा प्लग काढून पुसेपर्यंत ती विझते. मग पुन्हा काडी, पुन्हा जोराचा झुरका, गाल आत, डोळे बारीक. म्हणून बिडीला झुरके जास्त. वीस धरू. दिवसाला पाचशे. वर्षाला एक लाख ब्याऐंशी हजार. तीस वर्षांत जवळजवळ ५५ लाख! प्रयोगशाळेत सिगारेट ओढणारी यंत्रं असतात, त्यांचा ठरीव झुरका ३५ मिलिलिटरचा. तोच इथे लावला की उत्तर येतं एक लाख नव्वद हजार लिटर. सोळा फूट रुंद आणि तेहेतीस फूट खोल अशी विहीर डोळ्यांपुढे आणा, माळव्यात शेताच्या बांधावर असते तशी. ती तळापासून काठोकाठ धुराने भरली. आणि हे सगळं एका छातीतून गेलं.

या विहिरीची दुसरी बाजू अजून मोठी आहे. त्याच तीस वर्षांत काकांच्या काळजाने किती रक्त ढकललं? मिनिटाला पाच लिटर, दिवसाला सात हजार दोनशे. तशाच विहिरी भरायला घेतल्या, तर एक विहीर सत्तावीस दिवसांत भरते. तीस वर्षांत चारशे! धूर एक विहीर आणि रक्त चारशे विहिरी. वाटतं, एवढ्याशा धुराने काय होणार? चारशे विहिरींत एक विहीर म्हणजे समुद्रात खसखस. पण आता एकच झुरका हातात घेऊन आत डोकावू.

धुरात काही अर्धवट, पिसाळलेले रेणू असतात. त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. समोर येईल त्याचा एक इलेक्ट्रॉन हिसकावून घ्यायचा, एवढंच त्यांना ठाऊक. सिगारेटच्या धुरावर केलेल्या मोजमापांत एका झुरक्यात असे किती निघाले? एकावर पंधरा शून्यं. दहा कोटी गुणिले एक कोटी. आपल्या जुन्या मोजणीत याला 'अंत्य' म्हणतात. एका झुरक्यातला हा माल देशाच्या एकशे चाळीस कोटी लोकांत सारखा वाटला, लेकराबाळांसकट, तर प्रत्येकाच्या वाट्याला सात लाखांहून जास्त येतात. हा एक झुरका झाला. काकांचे दिवसाचे चारशे नव्याण्णव अजून बाकी आहेत. त्यातले बरेचसे रॅडिकल क्षणात विरतात, हे खरं. पण ते विरताना ज्याला चावतात, तो उरतो.

आणि ते चावतात कुणाला? रक्तवाहिनीच्या अगदी आतल्या अस्तराला. हे अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं असतं, साधारण एक मायक्रॉन. देवासच्या बँक नोट प्रेसमध्ये १९७४ पासून नोटा छापतात. त्यातली एक कोरी नोट बोटांत धरा. तिची जाडी सुमारे शंभर मायक्रॉन, म्हणजे अशी शंभर अस्तरं एकावर एक रचावीत तेव्हा एक नोट होईल. या पापुद्र्याच्या जिवावर काळीज चालतं! हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं. त्याच्या सांगण्यावरून वाहिनी सैल होते, आणि रक्तातल्या चिकट कणांना तो भिंतीला चिकटू देत नाही. धूर आला की पहिल्यांदा हा वायू मारला जातो. अस्तर चरचरतं, खरखरीत होतं. चरबीचे बिघडलेले कण त्याच्याखाली शिरतात, त्यांना खायला पांढऱ्या पेशी शिरतात, खाऊन तिथेच फुगून मरतात. वर्षानुवर्षं हे चाललं की भिंतीत एक मऊ गळू तयार होतं. डॉक्टर त्याला प्लाक म्हणतात.

अस्तराचं असं होत असताना रक्ताचं काय होतं, तेही बघू. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जितक्या ओढीने धरतं, त्याच्या दोनशे पटींहून जास्त ओढीने ते या वायूला धरतं. मुंबईच्या लोकलमध्ये काही लोक उलट दिशेने बसून येतात. गाडी शेवटच्या स्टेशनला पोचते, सगळे उतरतात, हे मात्र उतरत नाहीत. जागा धरून तसेच परत जातात. कार्बन मोनॉक्साइड हा तसला प्रवासी. रोजच्या बिडीवाल्याच्या रक्तात शंभरातल्या सात जागा त्याने अडवल्या असं धरू. अंगात रक्त पाच लिटर. त्याचे सात टक्के म्हणजे ३५० मिलिलिटर. रक्तदान शिबिरात पिशवी भरते ती नेमकी एवढीच! म्हणजे काका तीस वर्षं रोज सकाळपासून रात्रीपर्यंत रक्तदान करून बसल्यासारखे आहेत, आणि वर चहा-बिस्किटसुद्धा नाही.

कमी ऑक्सिजन आणि वरून निकोटिनचा चाबूक. त्यामुळे काळीज दिवसभराच्या सरासरीने मिनिटाला सातेक ठोके जास्त मारतं. सात म्हणजे किरकोळ? दिवसाला दहा हजार. वर्षाला ३६ लाख ८० हजार. सत्तरच्या चालीने धडधडणाऱ्या काळजाचं हे छत्तीस दिवसांचं काम आहे. म्हणजे दरवर्षी महिनाभराहून जास्त ओव्हरटाइम. काका तीस वर्षं गॅरेजात उभे आहेत, पण त्यांचं काळीज तेहेतीस वर्षं राबलं आहे.

आता खरी गंमत, गंमत कसली, थरकापच. काळजाला स्वतःचं रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद असतात. नळीची रुंदी निम्मी झाली तर तिच्यातून वाहणारं किती कमी होईल? निम्मं? नाही. पाव? तेही नाही. नळीच्या गणितात रुंदीचा चौथा घात लागतो. रुंदी निम्मी झाली की प्रवाह सोळाव्या हिश्शावर! मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर एका तासात जेवढ्या गाड्या सुटतात, तेवढ्याच सुटायला सकाळी सहापासून रात्री दहा वाजतील. देहाची हुशारी अशी की पुढच्या बारीक वाहिन्या आपणहून फैलावतात आणि तूट भरून काढतात. म्हणून नळी बरीच अरुंद झाली तरी बसल्या जागी काही कळत नाही. रुंदी तीस टक्क्यांच्या आसपास उरली की टेकडी चढताना, जॅक लावून ट्रक उचलताना छातीवर दाब येतो आणि थांबलं की जातो.

पण बहुतेक वेळा नळी हळूहळू बुजत-बुजत झटका येतच नाही. कित्येक झटके अशा जागी येतात जिथे नळी निम्मीसुद्धा बुजलेली नव्हती. होतं काय, की त्या मऊ गळवावरचं झाकण फाटतं. जी झाकणं फाटायला टेकलेली असतात त्यांची जाडी ६५ मायक्रॉनहून कमी. आपल्या नोटेचा दोन-तृतीयांश! ते फाटलं की आतला ऐवज रक्ताला लागतो, आणि रक्तातल्या प्लेटलेटना वाटतं, जखम झाली. त्या धावतात, एकमेकींना चिकटतात, गुठळी बांधतात. धुराने त्या आधीच चिकट करून ठेवलेल्या असतात, जरा निमित्त हवं असतं. तीन मिलिमीटरची नळी. काही मिनिटांत बंद.

पलीकडच्या स्नायूचं काय? एका मोठ्या झटक्यात काळजाच्या सुमारे शंभर कोटी पेशी मरतात. हे मरण सहा तासांत पसरलं असं धरून सरासरी काढली तर सेकंदाला शेहेचाळीस हजार. 'गॅस झाला असेल, जरा सोडा पिऊन बघतो' असं म्हणत घालवलेली दहा मिनिटं म्हणजे पावणेतीन कोटी पेशी. सोनकच्छहून देवासचं रुग्णालय हायवेने चाळीस मिनिटं धरा. अकरा कोटी. या पेशी जवळजवळ पुन्हा उगवत नाहीत. त्यांच्या जागी नुसता वण राहतो. छातीतला दाब विश्रांती घेऊनही उतरत नसेल, हातात, जबड्यात, पाठीत जात असेल, दरदरून घाम असेल, तर ईसीजी आधी, सोडा नंतर.

मग काका म्हणतील, 'ठीक आहे, कमी करतो. पंचविसावरून एकावर आणतो.' त्रैराशिक मांडलं तर हे फार झकास वाटतं. पण काळजाला त्रैराशिक येत नाही. १४१ अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये एक मोठा हिशेब प्रसिद्ध झाला. दिवसाला वीस सिगारेटींनी हृदयविकाराचा जेवढा जादा धोका वाढतो, त्याचा विसावा हिस्सा, म्हणजे शंभरात पाच, एका सिगारेटीला यायला हवा होता. पुरुषांत तो आला शेहेचाळीस! वीस रुपयांत वीस वस्तू घ्यायला गेलात आणि पहिलीचेच दुकानदाराने नऊ रुपये लावले, उरलेल्या एकोणीस मिळून अकराला. बिडीचंही असंच होत असणार असं मला वाटतं, कारण चिकट प्लेटलेट आणि चरचरणारं अस्तर थोड्याशा धुरानेच पेटतं. सगळ्यात महाग असते ती शेवटची एक, जी ठेवायची म्हणून लोक बाकीच्या सोडतात.

'पण आमची बिडी तर पानाची, कागद नाही, केमिकल नाही,' हेही ऐकू येतं. यावर मोठा पुरावा आहे. इंटरहार्ट नावाचा अभ्यास ५२ देशांत झाला, भारतातही. त्याचा तंबाखूबद्दलचा भाग २००६ मध्ये छापून आला. त्यात सत्तावीस हजार माणसं होती. सगळी एका फलाटावर आणली असती तर गच्च भरलेल्या अठरा मेलगाड्या लागल्या असत्या. निम्म्याहून थोडी कमी माणसं पहिला झटका येऊन गेलेली, बाकीची तशाच वयाची, झटका न आलेली. धूम्रपान करणाऱ्यांत झटक्याची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या २.९५ पट निघाली. आणि नुसत्या बिडीची? २.८९ पट. पानाने सूट दिली ती एवढीच. आपल्या मुंबईतही मतदार याद्या हातात घेऊन दारोदार फिरून दीडेक लाख माणसं नोंदवली गेली आणि वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवला गेला. तिथे पुरुषांमधला एकूण मृत्यूचा धोका सिगारेटवाल्यांत १.३७ पट होता, बिडीवाल्यांत १.६४. गरिबाची बिडी साहेबाच्या सिगारेटपेक्षा भारी पडली!

आता विहीर भरणं थांबवू. काकांनी रात्री नऊ वाजता शेवटची बिडी विझवली. पुन्हा काडी ओढली नाही. घड्याळ लावा.

वीस-पंचवीस मिनिटांत नाडी उतरायला लागते. कार्बन मोनॉक्साइड साधारण पाच तासांत निम्मा होतो. झोपेत थोडा जास्त वेळ लागतो, पण ढोबळ धरू. नऊ वाजता सात टक्के. रात्री दोनला साडेतीन. सकाळी सातला पावणेदोन. दुपारच्या जेवणापर्यंत एकाच्या आसपास, म्हणजे कधीच न ओढणाऱ्याच्या पातळीवर. तीस वर्षं अडवलेली ती ३५० मिलिलिटरची पिशवी, तीन जेवणांच्या आत परत!

पुढचे दिवस मात्र काकांना जड जातील. निकोटिनची ओढ पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात तीव्र असते. चिडचिड, झोप उडणं, हात नुसते खिसा चाचपणार. दोन-चार आठवडे हे कमीजास्त चालतं. एकट्याला जमत नसेल तर निकोटिनचा डिंक आहे, गोळ्या आहेत, आणि १८००-११-२३५६ ही देशभराची फुकट फोनसेवा आहे. पण काका खिसे चाचपत असताना आत काय चाललंय ते बघा.

प्लेटलेटचं आयुष्य दहाएक दिवसांचं. अंगात त्या सुमारे एक लाख कोटी. म्हणजे रोज दहा हजार कोटी जुन्या जातात आणि तितक्याच नव्या येतात. सेकंदाला साडेअकरा लाख! मुंबईच्या सगळ्या लोकल मिळून दिवसाला पाऊण कोटी माणसं नेतात. काकांच्या हाडांतल्या मगजातून तेवढ्या प्लेटलेट साडेसहा सेकंदांत बाहेर पडतात. या नव्यांनी धूर पाहिलेलाच नाही. दहा-बारा दिवसांत जुनी, धुराने चिकट झालेली सगळी पिढी बाद. दोन आठवड्यांत रक्त तुलनेने शांत होतं, आणि झटका मुख्यतः गुठळीने येतो हे आपण पाहिलंच. धोका इतक्या झटपट का उतरतो, याचं मोठं कारण इथे आहे. भिंत दुरुस्त व्हायला वर्षं लागतात, रक्ताला दिवस पुरतात.

किती झटपट? पुन्हा इंटरहार्टकडे. त्याच आकड्यांची गावं करू. एका गावात कधीच न ओढणारे लोक आणि तिथे शंभर झटके आले. तेवढ्याच वस्तीच्या, त्याच वयाच्या, ओढणाऱ्यांच्या गावात २९५. आता सोडून तीन वर्षांपर्यंत झालेल्यांचं गाव घ्या. तिथे १८७. तीन वर्षांत १०८ झटके पुसले! वीस किंवा जास्त वर्षांपूर्वी सोडलेल्यांचं गाव १२२ वर येतं. सरळ हिशेबाने पहिल्या तीन वर्षांत दरसाल छत्तीस कमी होतात, आणि नंतरच्या सतरा वर्षांत मिळून पासष्ट, म्हणजे दरसाल चारसुद्धा नाहीत. सुरुवातीला घाट उतरणारी राजधानी आणि मग कर्जत-कल्याणची पॅसेंजर. काकांनी ४८व्या वर्षी सोडली, तर एक्कावन्नाव्या वाढदिवसापर्यंत मोठा उतार संपलेला असेल.

पण १२२ म्हणजे शंभर नव्हे, हेही बघायला हवं. तीस वर्षांत भिंतीत बसलेली गळवं धूर थांबला म्हणून विरघळून जात नाहीत. काही आवळतात, त्यांचं झाकण जाड होतं, ती फाटायची भीती कमी होते, पण ती तिथेच असतात. भरपूर ओढलेल्याचा उरलेला धोका दोन दशकं आणि पुढेही थोडा रेंगाळतो. त्याच अभ्यासात दिवसाला दहापेक्षा कमी ओढणाऱ्यांनी सोडली, तर तीन ते पाच वर्षांत जादा धोका दिसेनासा झाला होता. काकांसारख्या बंडलवाल्यांना ती मुभा नाही. शिवाय साखर आणि रक्तदाब यांचे हिशेब वेगळे, ते बिडी सोडून आपोआप मिटत नाहीत.

आणि ज्यांना झटका येऊन गेला आहे ते? 'आता काय सोडायचं, जे व्हायचं ते झालं,' असं म्हणणारे प्रत्येक वॉर्डात भेटतात. वीस अभ्यास एकत्र करून २००३ मध्ये निघालेला आकडा असा: हृदयविकार झाल्यानंतर ज्यांनी सोडली त्यांच्यात मृत्यूचा धोका न सोडणाऱ्यांपेक्षा ३६ टक्क्यांनी कमी होता. ओढत राहिलेल्यांत शंभर गेले तर सोडलेल्यांत चौसष्ट. या वरच्या छत्तीस जणांसाठी ना कारखाना लागला, ना ऑपरेशन थिएटर.

आता एका काकांवरून सगळ्या देशावर उडी मारू. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत बिडी ओढणारे प्रौढ भारतात सुमारे सात कोटी वीस लाख निघाले. ते सगळे काकांच्या गतीने ओढत नसतील, पण प्लेटलेट प्रत्येकाच्या अंगात लाख कोटीच! समजा, एका रात्री नऊ वाजता या सगळ्यांनी बिडी विझवली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कार्बन मोनॉक्साइड गेला. प्रत्येकाच्या अंगात सेकंदाला साडेअकरा लाख नव्या प्लेटलेट. साडेअकरा लाख गुणिले सात कोटी वीस लाख. दिवस, रात्र, दहा दिवस. एकूण बेरीज: बहात्तरावर अठरा शून्यं. आपल्या जुन्या मोजणीतलं शेवटचं नाव परार्ध, एकावर सतरा शून्यं. त्या यादीत त्यापुढे नावच नाही, एवढं मोजायची वेळ येईल असं ती करणाऱ्यांना वाटलं नसावं. इथे परार्ध पुरत नाही, सातशे वीस परार्ध लागतात. सातशे वीस परार्ध जुन्या चिकट प्लेटलेट बाद, तितक्याच नव्या हजर, आणि अकराव्या दिवशी सात कोटी वीस लाख माणसांच्या तीन-तीन मिलिमीटरच्या नळ्यांतून धूर न पाहिलेल्या प्लेटलेटचं रक्त धो-धो वाहतंय!